छायाचित्रावरून व्यक्तिचित्र (कोळसा व पेन्सिल)

छायाचित्रातला चेहरा मोजून कागदावर मोठा करणे आणि त्यावर कोळशाने वा पेन्सिलीने छायांकन करणे, अशा रीतीने तयार होणारे व्यक्तिचित्र. प्रत्यक्ष बैठक देऊन काढलेल्या चित्राहून हे काम वेगळे आहे. बैठकीत चित्रकार डोके किंचित वळवायला सांगू शकतो, शंका आली तर पुन्हा बघू शकतो. येथे जे छायाचित्रात नाही ते पडताळायला दुसरी जागा नसते. जळगाव, धुळे व नंदुरबार या खानदेशच्या तीन जिल्ह्यांत असे चित्र बहुधा दिवंगत माणसाचे असते. ते गंधमुक्तीला किंवा वर्षश्राद्धाला लागते, आणि मूळ म्हणून हाती येतो तो कुठल्यातरी अर्जासाठी काढलेला पासपोर्ट आकाराचा फोटो. चेहरा ‘उतरला’ की नाही याचा निवाडा घरची माणसे करतात, आणि तो क्षणात होतो. ‘हाई आमनी माय नही वाटस’ एवढे वाक्य आले की छायांकन कितीही सफाईदार असले तरी चित्र फसलेले असते.

चौकटी पाडून आकृती उतरवण्याची पद्धत मुळात कशासाठी निघाली, याबद्दल मतभेद आहेत. प्राचीन ईजिप्तच्या थडग्यांतील भिंतींवर लाल रेघांची जाळी आढळते. तीत उभी मानवाकृती तळपायापासून केसांच्या रेषेपर्यंत १८ घरांत बसवलेली असते, तर उत्तरकाळात वरच्या पापणीपर्यंत २१ घरे धरलेली दिसतात. काही अभ्यासक या जाळीला लहान आराखडा मोठा करण्याचे साधन मानतात, काही तिला प्रमाणांचा ठरलेला साचा समजतात. एकाच अवयवासाठी घरांची संख्या पुन्हा पुन्हा तीच येते, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. व्यक्तिचित्राच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे. साचा सर्वांना सारखे करतो. आपल्याला हवी असते ती एकाच माणसाची मोजणी. आराखडा मोठा करण्यासाठी वा समोरचे मोजून घेण्यासाठी जाळीचा वापर पंधराव्या शतकातील इटलीत दिसतो. चित्रकार मासाच्चोच्या फ्लॉरेन्स येथील ‘ट्रिनिटी’ भित्तिचित्रात (साधारण १४२५ ते १४२८) मेरीच्या आकृतीवर बारीक जाळी कोरलेली आहे, आणि वास्तुकार व कलाविषयक लेखक आल्बेर्तीने १४३५ च्या सुमारास डोळ्यासमोर धरायच्या, चौकोन पाडलेल्या विरळ विणीच्या पडद्याचे वर्णन केले आहे. याच शतकात चित्रकार भिंग व आरसा वापरू लागले, हे चित्रकार डेव्हिड हॉकनी व भौतिकशास्त्रज्ञ चार्ल्स फाल्को यांनी मांडलेले मत कलेतिहासकारांत सर्वमान्य झालेले नाही. छायाचित्र हेच मूळ धरून केलेल्या चित्राचा प्रारंभ मात्र छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला त्या १८३९ नंतरच संभवतो. डेव्हिड वुडवर्ड याने १८५७ मध्ये सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या विवर्धन-कॅमेऱ्याचे एकस्व घेतले, आणि फिकट मोठ्या छापावर कोळशाने वा खडूने काम करून चेहरा पुरा करण्याची चाल अमेरिकेत रुळली.

भारतीय लघुचित्रकारांचा मार्ग निराळा होता. ते चिंचेच्या काड्या जाळून केलेल्या कोळशाने आराखडा काढत, आणि रेघांवर भोके टोचलेल्या खाक्यातून, म्हणजे नमुन्याच्या कागदातून, कोळशाची भुकटी झाडून तो दुसऱ्या कागदावर उतरवत. खाका त्याच मापाचा राहतो, म्हणून लहान फोटोला तो उपयोगी नाही.  

मोजणीच्या आधी छायाचित्र तपासावे लागते, कारण मूळच वाकडे असेल तर जाळी ते वाकडेपण प्रामाणिकपणे मोठे करते. दोन दोष नेहमीचे आहेत. पहिला अंतराचा. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंमी मागे असतो. मोबाइल ३० सेंमीवर धरला तर नाक ३० सेंमीवर आणि कान ४२ सेंमीवर येतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठे दिसते. दीड मीटरवरून हेच प्रमाण सुमारे १.०८ असते. म्हणून जवळून घेतलेला फोटो स्पष्ट असला तरी स्टुडिओतला धूसर फोटो अधिक विश्वासाचा. दुसरा दोष ताणण्याचा. पासपोर्ट फोटोची रुंदी व उंची ३५ × ४५ मिमी, म्हणजे ७ : ९ असते. दुकानात तो ८ × १० इंचांच्या चौकटीत ‘बसवून’ छापला की चेहरा सुमारे तीन टक्के रुंद होतो. तीन टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण घरच्यांना माणूस ‘जाडा झालेला’ दिसतो तो यामुळेच. मोठी प्रत आणून दिली असेल तर मूळ लहान फोटो मागून घ्यावा आणि दोन्हींत डोळ्यांमधले अंतर व हनुवटीपर्यंतची उंची यांचे गुणोत्तर ताडून पाहावे.

एक उदाहरण घेऊ. डोक्यावर पदर व कपाळावर मोठे कुंकू असलेल्या वृद्ध बाईचा ३५ × ४५ मिमीचा फोटो आहे. पदराच्या कडेपासून हनुवटीपर्यंत चेहरा ३२ मिमी भरतो. सहा पट केल्यास तो १९२ मिमी होतो. खऱ्या चेहऱ्याहून हा आकार किंचित लहान आहे, आणि तो तसाच असावा. खऱ्याहून मोठा चेहरा भिंतीवर अंगावर आल्यासारखा दिसतो. फोटोवर ५ मिमीची जाळी धरली की आडवी ७ व उभी ९ घरे होतात. कागदावर प्रत्येक घर ३० मिमीचे, म्हणजे चित्र २१० × २७० मिमीचे. ते ए-३ कागदावर मोकळ्या कडा सोडून बसते. जाळी मूळ फोटोवर कधीही काढू नये. पारदर्शक शीटवर बारीक पेनाने आखून ती फोटोवर चिकटपट्टीने बसवावी. उभ्या घरांना क, ख, ग, घ, च, छ, ज आणि आडव्या ओळींना १ ते ९ अशी नावे दिली की घर चुकत नाही. ओळ चुकून एक घर खाली सरकणे ही चूक हास्यास्पद वाटली तरी ती वारंवार होते.

आता डोळे पाहू. फोटोत डावीकडची बाहुली ग-५ या घरात, डाव्या रेघेपासून ३ मिमी व वरच्या रेघेपासून १ मिमीवर आहे. उजवीकडची च-५ मध्ये, डाव्या रेघेपासून २ मिमी व वरून १.५ मिमीवर. कागदावर ही मापे अनुक्रमे १८ व ६ मिमी आणि १२ व ९ मिमी होतात. बाहुल्यांमधले आडवे अंतर ५४ मिमी येते, आणि उजवीकडचा डोळा ३ मिमी खाली असतो. चेहरा हरवतो तो बहुतेक इथेच. हाताला समोरासमोरचे सरळ काढायची सवय असते, म्हणून हा डोळा नकळत वर उचलला जातो. तीन मिमी सरळ केले की चेहरा नीटनेटका होतो आणि माणूस निघून जातो. ओठांची रेघ, नाकपुड्या, भुवया यांचा कल असाच मोजावा, अंदाजाने घेऊ नये. फोटोवरची अर्ध्या मिलिमीटरची चूक कागदावर ३ मिमी होते. म्हणून डोळ्यांपासून ओठांपर्यंतच्या घरांचे पुन्हा चार भाग करून २.५ मिमीची जाळी घ्यावी. पदर, खांदे व पाठीमागच्या भागाला मोठी घरे पुरतात.

रेघांचे साधनही जपून निवडावे लागते. टू-एच पेन्सिलने दाबून आखलेल्या जाळीची कागदात खाच पडते, आणि वरून कोळसा फिरवला की ती खाच पांढरी रेघ होऊन उठते. ग्रॅफाइट चकचकीत असते व त्यावर कोळसा धरत नाही. पेन्सिलचे चित्र करायचे असेल तर जाळी एचबीने हलकी काढावी. कोळशाचे असेल तर कोळशाच्याच टोकदार कांडीने काढून काम झाल्यावर फडक्याने झटकावी. कागद १५० ते २०० ग्रॅमचा कार्ट्रिज, थोडा खरखरीत असावा. गुळगुळीत कागदावर कोळसा दोन थरांनंतर घसरू लागतो.

छायांकनाला हात घालण्यापूर्वी कागद व फोटो दोन्ही वरची बाजू खाली करून, उलटे धरून एकदा ताडावेत. उलट्या चेहऱ्यात नजर आकारांकडे जाते आणि चुकलेले अंतर चटकन सापडते. ते आत्ताच दुरुस्त करावे. छायेने चुकलेली मोजणी झाकता येत नाही, उलट ती पक्की होते. मग डोळे बारीक करून फोटोत दिसणारे चार-पाच मोठे गडद भाग विलोच्या काडीच्या मऊ कोळशाने भरावेत: पदराखालची सावली, डोळ्यांच्या खोबणी, नाकाखालचा भाग, ओठांची फट, हनुवटीखालचा गळा. स्टुडिओच्या समोरून पडणाऱ्या फ्लॅशमध्ये नाकाला बाजूची सावली नसते. तरीही अनेक जण सवयीने तिथे रेघ ओढतात आणि नाक लांब होते. अशा फोटोत नाक फक्त नाकपुड्यांच्या आकाराने व खालच्या छोट्या सावलीने सांगावे. सुरकुत्याही रेघ म्हणून काढू नयेत. सुरकुती म्हणजे शेजारच्या उजेडाला लागलेली मऊ छाया. ती स्टंपने, म्हणजे कागदाच्या घट्ट गुंडाळलेल्या कांडीने पसरवून, मऊ रबराने वरची कड उजळ केली की वय दिसते. काळी रेघ मात्र त्यात दहा वर्षांची भर घालते. सर्वांत गडद काळा, दाबलेल्या कोळशाचा, बाहुल्या व नाकपुड्यांपुरता शेवटी ठेवावा. कुंकू तांबडे असले तरी कोळशात ते मधल्या गडद छटेचे घ्यावे. बाहुलीइतके काळे केले तर नजर कपाळावरच अडकते.

घरची माणसे अनेकदा ‘थोडी तरुण दाखवा’ म्हणतात. किती मोकळीक घ्यायची हे येथे ठरते. सुरकुत्यांची छाया हलकी करता येते, केस दाट करता येतात, लुगडे बदलता येते. डोळे, नाक व ओठ यांची परस्पर अंतरे व त्यांचे कल यांना हात लावता येत नाही. कडाही याच हिशेबाने सोडाव्यात. डोळ्यांच्या कडा नेमक्या, गालांच्या मऊ, आणि पदर व खांदे दोन-चार मोकळ्या फटकाऱ्यांत. सगळीकडे सारखीच नेमकी कड घेतली की चित्र छापील दिसते.

संगणकावरही रेखाचित्राचा परिणाम साधतात. फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केल्यास सुमारे ८२७ × १०६३ पिक्सेल मिळतात. तो राखाडी करून त्याचा दुसरा थर उलट रंगांचा करतात, त्याला Gaussian Blur देतात आणि मिश्रण Color Dodge ठेवतात. अंतरे हलत नाहीत ही त्याची बाजू. पण ही रीत फक्त जिथे छटा एकदम बदलते तिथेच रेघ देते. म्हणून जुन्या फोटोवरचे कण, ओरखडे, शिक्क्याची कड सारेच रेघा होऊन उठतात आणि समोरच्या फ्लॅशमधले नाक जवळजवळ नाहीसे होते.

तयार चित्रावर कोळसा पक्का धरणारे फिक्सेटिव्ह ३० सेंमीवरून हलक्या दोन-तीन फवाऱ्यांत द्यावे. त्याने मधल्या छटा किंचित गडद होतात, आणि पक्का झालेला कोळसा रबराने सहज निघत नाही, म्हणून शेवटचे उजेड फवाऱ्याआधीच रबराने नीट काढून घ्यावेत. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो. दुपारी फवारले तर थेंब कागदावर पोचण्याआधीच सुकतात आणि पृष्ठभाग रवाळ होतो. हे काम पहाटे करावे. केसांचा स्प्रे स्वस्त पडतो, पण तो पुढे पिवळा होतो. फ्रेम करताना काच कागदाला टेकू नये, मध्ये दोन-तीन मिमी जाड पुठ्ठ्याचा माउंट असावा. नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने कागद फुगतो आणि काचेला चिकटून गालावरचा कोळसा तिच्यावर उमटतो.