परिपाठातल्या त्या दोन मिनिटांच्या भाषणामागचा इतिहास

माझी पुतणी सातवीत आहे, तिला शाळेत तंबाखूविरोधी दिनाला परिपाठात बोलायचं होतं, दोनच मिनिटं, विषय तंबाखूचा धूर आणि फुफ्फुसं. खरं तर हा दिवस ३१ मे, पण तेव्हा आपल्याकडे बऱ्याच शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते म्हणून शाळा उघडल्यावर जूनमध्ये उरकतात. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, "धूम्रपानामुळे फुफ्फुसाचा कॅन्सर होतो हे सर्वांना माहीत आहे", आणि मग मलाच विचारलं, काका हे पहिल्यांदा कोणाला कळलं? प्रश्न मला फार आवडला, कारण हे सर्वांना माहीत असायला आता कुठे ७०-७५ वर्षं झालीत आणि ते कळलं कसं ही गोष्ट त्या भाषणापेक्षा मोठी आहे, म्हणून इथे नीट लिहून काढतोय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी फुफ्फुसाचा कॅन्सर हा डॉक्टरांना क्वचित दिसणारा आजार होता. मग मशीनवर सिगारेटी बनायला लागल्या, स्वस्त झाल्या, पहिल्या महायुद्धात सैनिकांपर्यंत पोचल्या, आणि त्यानंतर वीस-तीस वर्षांनी इंग्लंडमध्ये या कॅन्सरने मरणारे एकदम वाढले. हा मधला काळच सगळा घोळ करतो बघा. आज ओढली आणि उद्या आजारी पडला असं होत नाही त्यामुळे कोणाचा सिगारेटवर संशयच जात नव्हता, त्यात तेव्हा इंग्लंडमधले बहुतेक पुरुष ओढायचे, म्हणजे आजारी माणूसही ओढणारा आणि धडधाकट माणूसही ओढणाराच, मग फरक ओळखायचा कसा?

१९४७ च्या सुमारास तिथल्या सरकारी वैद्यकीय संशोधन मंडळाने हे काम रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांकडे दिलं. डॉल डॉक्टर, हिल आकडेशास्त्रातले. डॉल स्वतः सिगारेट ओढायचे आणि त्यांचा संशय होता रस्त्यावरच्या डांबरावर आणि गाड्यांच्या धुरावर. त्यांनी लंडनच्या वीस हॉस्पिटलांत फुफ्फुसाचा कॅन्सर असलेले पेशंट घेतले आणि प्रत्येकासमोर दुसऱ्या आजाराचा, साधारण त्याच वयाचा एक पेशंट ठेवला, दोन्हीकडे ७०९. सगळ्यांना तेच प्रश्न, कधीपासून ओढता, किती ओढता, कधी सोडली. पुरुषांचा हिशेब असा निघाला की कॅन्सर असलेल्या ६४९ जणांत कधीच न ओढणारे फक्त २ होते आणि समोरच्या ६४९ जणांत २७. बाकीच्यांतही जास्त ओढणारे कॅन्सरच्या बाजूला जास्त होते.

पण मला यातली सगळ्यात पटणारी गोष्ट वेगळीच वाटते. कोणीही म्हणेल की प्रश्न विचारणाऱ्यांना माहीत होतं समोर कॅन्सरचा पेशंट आहे, मग त्यांनी खोदून खोदून विचारलं असणार. तर झालं असं की काही पेशंट कॅन्सरचे म्हणून धरले होते, त्यांची तशीच मुलाखत घेतली, आणि नंतर तपासणीत कळलं की यांना कॅन्सर नाहीच, दुसरंच काहीतरी आहे. त्यांची ओढण्याची सवय कुठल्या गटासारखी निघाली? कॅन्सर नसलेल्यांसारखी. म्हणजे फरक विचारण्याच्या पद्धतीत नव्हता, तो खरंच आजारात होता. डॉल यांनी हे काम पुरं व्हायच्या आधीच स्वतःची सिगारेट सोडली.

हे १९५० मध्ये छापून आलं तरी खूप जणांना पटलं नाही. मग दोघांनी उलट्या बाजूने जायचं ठरवलं, आधी माणसं घ्यायची आणि मग पुढे काय होतं ते बघायचं. १९५१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवली आणि साधारण ४०,००० डॉक्टरांनी आपापल्या सवयी कळवल्या. अडीच-तीन वर्षांतच दिसायला लागलं की जेवढ्या जास्त सिगारेटी तेवढे या कॅन्सरचे मृत्यू जास्त. हा अभ्यास पन्नास वर्षं चालू राहिला आणि २००४ मध्ये हिशेब आला की ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले, आणि ज्यांनी तिशीच्या आसपास सोडली त्यांची ती दहा वर्षं जवळजवळ सगळी वाचली.

आता शेजारी बसणाऱ्याचं काय, ते १९८१ मध्ये जपानमधून कळलं. ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीच न ओढणाऱ्या बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला, तर ज्यांचे नवरे जास्त ओढायचे त्यांच्यात फुफ्फुसाचा कॅन्सर जास्त निघाला. आणि आपल्याकडे बिडी सौम्य, पानातली, नैसर्गिक असं अजून ऐकू येतं, तर मुंबईतल्या कॅन्सर पेशंटांचा १९७९ मध्ये छापलेला अभ्यास आहे, त्यात बिडीवाल्यांचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी तर नाहीच, उलट जास्त दिसला. बिडी सारखी विझते म्हणून ती जोरात आणि वरचेवर ओढावी लागते हे ज्याने जवळून बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

आमचे आबा बिडी ओढायचे. पहाटे पाचला मोरीपाशी बसून दहा-पंधरा मिनिटं खोकत, घट्ट पिवळट कफ पडायचा, आणि घरात सगळे म्हणायचे आबा उठले. त्यात काय होत होतं ते मला फार उशिरा कळलं. श्वासनळीच्या आतल्या अस्तरावर अगदी बारीक केस असतात, ते सतत हलत धूळ-कफ वर घशाकडे ढकलतात. धुराने ते लुळे पडतात आणि झडतातही, शिवाय कफ जास्त तयार होतो, मग झाडणारं कोणी नाही म्हणून खोकूनच काढावा लागतो. त्याच्याही खाली हवेचे इवलेसे फुगे असतात, तीसेक कोटी, तिथे रक्ताला ऑक्सिजन मिळतो. धुरामुळे त्यांच्या भिंतींतला लवचिकपणा जातो, भिंती फाटून लहान फुग्यांचे मोठे सैल फुगे होतात, आणि आत घेतलेली हवा नीट बाहेरच पडत नाही. आबांना शेवटी अंगणातून ओट्यावर यायला दोनदा थांबावं लागायचं ते यामुळे.

हा दिवसही तसा नवाच. जागतिक आरोग्य संघटनेने पहिला पाळला ७ एप्रिल १९८८ ला, संघटनेच्या चाळिसाव्या वाढदिवशी, आणि १९८९ पासून तो ३१ मेला आला. आपल्याकडे मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी केली, मग २००३ चा कायदा आला. शाळेपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरांत, तंबाखू विकायची नाही हे त्यातलंच.

पुतणीने शेवटी पहिलं वाक्य खोडून २ आणि २७ चे आकडे घातले, आणि मुलांना नाक धरून एका बारीक स्ट्रॉमधून अर्धा मिनिट श्वास घ्यायला लावायचं ठरवलं (दमा असलेल्यांनी नाही करायचं, आणि त्रास वाटला की लगेच सोडायचं). तिने एकच अजून विचारलं, सोडल्यावर फुफ्फुसं पहिल्यासारखी होतात का. तर ते बारीक केस परत काम करू लागतात, म्हणूनच सोडल्यावर काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो आणि लोक घाबरून परत ओढायला लागतात. फाटलेले फुगे मात्र परत येत नाहीत, फक्त पुढचं फाटणं मंदावतं. आबांनी सोडली तेव्हा ते सत्तरीचे होते. सकाळचा खोकला दोन-तीन महिन्यांत बराच कमी झाला, ओट्यापर्यंतचे ते दोन थांबे तसेच राहिले.