स्लाइडमधील चित्रे आणि प्रोजेक्टरचे रिझोल्युशन

वर्गातील प्रोजेक्टरवर चित्र धूसर दिसले की चित्राचा दर्जा कमी होता, असे बहुतेक वेळा गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात अडचण अनेकदा दुसऱ्या टोकाला असते. प्रोजेक्टरच्या आतील पॅनेलवर पिक्सेलची संख्या ठरलेली असते. तिला त्याचे मूळ रिझोल्युशन म्हणतात आणि त्याहून जास्त तपशील तो दाखवू शकत नाही. वर्गांत वर्षानुवर्षे वापरात असलेल्या एक्सजीए प्रोजेक्टरचे पिक्सेल १०२४ × ७६८, म्हणजे आठ लाखांहून कमी असतात. नंतरच्या डब्ल्यूएक्सजीए प्रोजेक्टरवर १२८० × ८०० आणि फुल एचडीवर १९२० × १०८० पिक्सेल असतात. मोबाइलवर काढलेल्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोत मात्र ४००० × ३००० पिक्सेल असतात, एक्सजीएच्या पंधरापट. म्हणून चित्रात पिक्सेल किती आहेत, यापेक्षा स्लाइडच्या मांडणीत त्या चित्राच्या वाट्याला प्रोजेक्टरचे किती पिक्सेल येतात, हे आधी मोजावे लागते.

मूळ रिझोल्युशन प्रोजेक्टरच्या माहितीपुस्तिकेत Native Resolution या नावाखाली सापडते. खोक्यावर ‘1080p supported’ असे छापलेले असेल, तर तेवढ्यावर विसंबू नये. त्याचा अर्थ इतकाच, की हे यंत्र तेवढा मोठा सिग्नल स्वीकारते. पडद्यावर टाकताना ते तो आपल्या कमी पिक्सेलमध्ये आकसून घेते.

मांडणीचा परिणाम किती होतो, हे महाराष्ट्राच्या जिल्हावार नकाशावरून नीट कळते. समजा, छापील पानावरचा १५ सेंटिमीटर रुंद नकाशा ३०० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल घेऊन, स्कॅन केला. तो सुमारे १७७० पिक्सेल रुंद होईल. राज्याची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे ८०० किलोमीटर आणि दक्षिणोत्तर ७२० धरली, तर उंची १५९५ पिक्सेलच्या आसपास येते. जिल्ह्यांची नावे ८ पॉइंटमध्ये छापलेली असतील, तर स्कॅनमध्ये त्या अक्षरांना ३३ पिक्सेलची उंची मिळते. संगणकावर मोठे करून पाहिले, तर नकाशा अगदी स्वच्छ दिसतो.

आता हाच नकाशा एक्सजीए प्रोजेक्टरवर ४:३ आकाराच्या स्लाइडमध्ये ठेवू. डावीकडे मुद्दे आणि उजवीकडे नकाशा अशी नेहमीची दोन रकान्यांची मांडणी घेतली, तर नकाशाच्या वाट्याला सुमारे ४५० पिक्सेलची रुंदी येते आणि ३३ पिक्सेलचे अक्षर जेमतेम ८ पिक्सेलचे उरते. वर मोठे शीर्षक ठेवून खाली नकाशा पूर्ण रुंदीच्या चौकटीत बसवला, तर ते १० पिक्सेलच्या आसपास जाते. शीर्षक काढून नकाशा स्लाइडच्या पूर्ण उंचीला भिडवला, तर १६ होते. फाइल तीच, स्कॅनही तेच. फक्त जागा बदलली आणि अक्षराची उंची दुप्पट झाली.

सोळा पिक्सेलही देवनागरीला अपुरेच पडतात. रोमन अक्षर तेवढ्यात वाचता येते, कारण त्यातील बहुतेक तपशील एकाच पट्टीत असतो. ‘सिंधुदुर्ग’ या शब्दात मात्र शिरोरेघेच्या वर वेलांटी, अनुस्वार आणि रफार, तर खाली दोन उकार येतात. त्याच १६ पिक्सेलमध्ये वरची पट्टी, मधले अक्षर आणि खालची पट्टी अशी तिघांची वाटणी होते. अनुस्वाराच्या वाट्याला एखाददुसरा पिक्सेल येतो आणि आकसताना तो शेजारच्या राखाडी छटेत विरघळतो. चित्र तपासताना म्हणूनच अनुस्वार, रफार आणि ‘क्ष’, ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे आधी पाहावीत. सर्वांत आधी तीच बिघडतात.

अशा नकाशाचे स्कॅन ६०० डीपीआयने पुन्हा केले, तरी काही साधत नाही. दोन उपाय खरोखर उपयोगी पडतात. पहिला उपाय म्हणजे नकाशाचे तुकडे करणे. कोकण विभागातील सात जिल्ह्यांचाच भाग कापून घेतला, तर स्कॅनमधली त्याची उंची साधारण १०८५ पिक्सेल भरते. तो स्लाइडच्या पूर्ण उंचीला लावला, की अक्षर २३ पिक्सेलचे होते. शिवाय कोकणपट्टी उभी आणि अरुंद असल्याने शेजारी मुद्द्यांना आपोआप जागा मिळते. दुसरा उपाय अधिक खात्रीचा आहे : छापील नावे झाकून ती स्लाइडमध्येच मजकूर-चौकटीत पुन्हा लिहावीत. असा मजकूर चित्राबरोबर आकसत नाही, तो प्रोजेक्टरच्या पिक्सेलवर नव्याने रेखला जातो. दहा इंच रुंद स्लाइड १०२४ पिक्सेलवर पसरते, तेव्हा २४ पॉइंटच्या अक्षराला ३४ पिक्सेल मिळतात. मूळ छापील अक्षराला स्कॅनमध्ये जेवढे मिळाले होते, साधारण तेवढेच.

स्लाइडचा आकारही या हिशेबात धरावा लागतो. सध्याचे पॉवरपॉइंट नवी फाइल १६:९ आकारात उघडते. ती एक्सजीए प्रोजेक्टरवर चालवली, की चित्राला १०२४ × ५७६ एवढेच क्षेत्र मिळते. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि १९२ ओळी वाया जातात. आपला नकाशा मग पूर्ण उंचीला लावूनही १६ ऐवजी १२ पिक्सेलचीच अक्षरे देतो. Design मधील Slide Size येथे आकार आधीच निवडावा : एक्सजीएसाठी ४:३, डब्ल्यूएक्सजीएसाठी १६:१०. चित्रे मांडून झाल्यावर आकार बदलला, तर सगळी मांडणी विस्कटते.

फाइल हलकी करण्यासाठी पॉवरपॉइंटमध्ये Compress Pictures ही सोय आहे. तेथे १५० पीपीआय, म्हणजे दर इंचाला १५० पिक्सेल, निवडले, तर १३.३३ इंच रुंद स्लाइडभर पसरलेल्या चित्राचे २००० पिक्सेल टिकतात, ते फुल एचडीलाही पुरतात. ९६ पीपीआयला त्याचे १२८० पिक्सेल उरतात. हा हिशेब चित्र स्लाइडवर ज्या आकारात ठेवले आहे, त्यावरून होतो. लहान ठेवलेले चित्र दाबून फाइल जतन केली आणि मागाहून ओढून मोठे केले, तर गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. मांडणी पक्की झाल्यावरच ही पायरी करावी आणि मूळ फाइल वेगळी जपून ठेवावी. रेषा आणि अक्षरे असलेली चित्रे पीएनजीमध्ये ठेवलेली बरी, कारण जास्त दाबलेल्या जेपीईजीमध्ये रेषांभोवती मळकट डाग उठतात.

याच्या उलट प्रकारही घडतो, म्हणजे चित्रातच पिक्सेल कमी असतात. शोधनिकालातील लघुचित्र जतन केले, तर ते दोन-तीनशे पिक्सेलच रुंद असते आणि पूर्ण स्लाइडवर ताणले की कडा विरघळतात. अशी चूक लॅपटॉपवर स्लाइड शो चालवूनही दिसते. लॅपटॉपवर स्वच्छ आणि पडद्यावर धूसर, असे झाले तर मात्र कारण पुढे शोधावे.

ते कारण पुष्कळदा सिग्नलमध्ये असते. १३६६ × ७६८ पडद्याचा लॅपटॉप तेवढाच सिग्नल एक्सजीए प्रोजेक्टरला देत असेल, तर प्रोजेक्टर तो १०२४ स्तंभांत कोंबतो आणि उभ्या रेषा कुठे जाड, कुठे फिकट होतात. विंडोजमध्ये Win+P दाबून Extend निवडले, की प्रोजेक्टरला त्याचे मूळ रिझोल्युशन स्वतंत्रपणे देता येते. तपासणीसाठी एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेषांचे, प्रोजेक्टरच्या मूळ आकाराएवढे चित्र बनवून ते ताणल्याशिवाय पूर्ण पडद्यावर दाखवावे. सर्वत्र सारखी बारीक जाळी दिसली, तर सिग्नल बरोबर आहे. रुंद राखाडी पट्टे उमटले, तर वाटेत कुठेतरी आकार बदलतो आहे. व्हीजीए केबल असल्यास आधी प्रोजेक्टरचे Auto बटण दाबून पाहावे. तिरका पडलेला चौकोन सरळ करणारी डिजिटल कीस्टोन सोयही हेच पट्टे आणते, कारण तीही प्रत्येक ओळ नव्याने आकसते. शक्य असेल तेथे ती शून्यावर ठेवून प्रोजेक्टरच पडद्यासमोर काटकोनात बसवावा. जाळी सर्वत्र सारखीच पुसट असेल, तर भिंगाची फोकस-कडी फिरवणे एवढेच काम उरते.