बारशाला मठ्ठा किती लावायचा?

गेल्या मे महिन्यात वडगावात आमच्या भाचीच्या मुलीचं बारसं होतं. घरच्या घरी, पंचेचाळीस माणसं. त्यात दहा लहान मुलं आणि सत्तरीपुढची दहाएक मंडळी. थंड पेयांच्या बाटल्या आणायच्या नाहीत हे ठरलं, आणि लगेच मामींनी विचारलं, "मग किती लिटर करायचं?"

आमच्याकडे याचं उत्तर आजवर डोळ्यांनीच दिलं जायचं: "ते मोठं पातेलं भरून." त्या पद्धतीची फजिती मी आधीच्या एका कार्यात पाहिली होती. अर्धा मठ्ठा उरला आणि पाणी मात्र जेवणाच्या मध्यातच संपलं. म्हणून या वेळी आधी पेला मोजला. घरातला स्टीलचा पेला काठोकाठ भरला तर अडीचशे मिलीचा निघाला. वाढताना कुणी काठोकाठ भरत नाही. मोठ्यांना दीडशे आणि मुलांना शंभर मिली पुरतं. मुलांच्या हातात भरलेला पेला दिला की अर्धा ओट्यावर राहतो, हे वेगळं सांगायला नको.

मग माणसं न मोजता ओतणी मोजली. आल्याआल्या कोकम सरबत, प्रत्येकी एकदा: पस्तीस मोठ्यांचं सव्वापाच लिटर, मुलांचं एक लिटर, म्हणजे सव्वासहा. जेवणात मठ्ठा, मोठ्यांना दोनदा आणि मुलांना एकदा: साडेअकरा, म्हणून बारा लिटर धरला. एक भाग दह्याला तीन भाग पाणी, म्हणजे दही तीन लिटर. साधं पाणी माणशी अर्धा लिटर म्हणजे साडेबावीस लिटर. वीस लिटरचा एक कॅन पुरत नाही, म्हणून दोन.

सरबतात गणित बिघडवतो तो बर्फ. सहा लिटर सरबत तीस अंशांवरून बारा अंशांवर आणायचं तर बाराशे ग्रॅमच्या आसपास बर्फ वितळावा लागतो. वितळताना बर्फ भरपूर उष्णता ओढून घेतो खरा, पण तेवढंच पाणीही सोडतो. सहा लिटरचं सव्वासात लिटर होतं आणि चव पाणचट लागते. मग कुणीतरी साखरेचा डबा उघडतो. यावर उपाय सोपा आहे. बर्फ आतच टाकायचा असेल तर सरबत करताना सव्वा लिटर पाणी कमी घालायचं. नाहीतर पातेलं बर्फाच्या घमेल्यात ठेवायचं. आम्ही घमेलं वापरलं, कारण बाजारातला बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते कुणाला माहीत!

साखरेचीही एक गंमत आहे. गोडी जिभेला कोमट पदार्थात जास्त जाणवते, थंडगार पदार्थात कमी. त्यामुळे सरबत जितकं गार, तितकी साखर जास्त लागते. शिवाय कोकम जितकं दाट, तितका आंबटपणा झाकायला साखर हवी. आमसुलं कमी वेळ भिजवून सरबत पातळ ठेवलं आणि फार गार केलं नाही, तेव्हा लिटरला पन्नास ग्रॅम साखर पुरली. दीडशे मिलीच्या पेल्यात साडेसात ग्रॅम, म्हणजे दोन चमच्यांहून कमी. बाटलीतल्या थंड पेयात तेवढ्याच मापात पंधरा ग्रॅमच्या आसपास असते. पण घरचं पन्हं सढळ हाताने केलं तर तेही तिथेच पोचतं, आणि गुळाने फरक पडत नाही. मधुमेहींच्या रक्तातली साखर गुळानेही वाढते. त्यांच्यासाठी दीड लिटर कोकम बिनसाखरेचं, जिरं-मीठ घालून वेगळ्या तांब्यात ठेवलं.

मठ्ठ्यात मीठ दोन लिटरला एक सपाट चमचा घातलं. दीडशे मिलीच्या पेल्यात साधारण अर्धा ग्रॅमपर्यंत जातं, दिवसाला पाच ग्रॅमच्या मर्यादेत ते बसतं. मिरची-आलं वाटून वेगळं ठेवलं. मुलांचा मठ्ठा आधी काढून घेतला. शेजारच्या अक्कांनी चव घेऊन कानडीत "मज्जिगे चलो आगेद", म्हणजे मठ्ठा छान झालाय, असं म्हटलं, तेव्हा मामींचा जीव भांड्यात पडला.

म्हाताऱ्या मंडळींना "पाणी हवं का ओ?" विचारू नये. वय वाढतं तशी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे उत्तर "नको" असंच येतं. पेला सरळ हातात द्यावा. ज्यांना किडनीच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय, त्यांना मात्र आग्रह नको. आणि बारशाच्या बाळाला काहीच नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. मधात काही जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. वर्षाआतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. आजी थोड्या रुसल्या, पण ऐकलं.

सगळा मठ्ठा आम्ही एकदम घुसळला नाही. मेच्या उन्हाळ्यात दह्यातले जिवाणू थांबत नाहीत. बाहेर ठेवलेला मठ्ठा दोन-तीन तासांत आंबट होतो. वर पाणी सुटलं तर काही बिघडत नाही, ढवळलं की झालं. आंबट वास आणि बुडबुडे आले तर तो वाढू नये. दोन लिटर दह्याचा आठ लिटर मठ्ठा आधी केला आणि तिसरं लिटर फ्रिजमध्ये ठेवलं. जेवणं सुरू झाली आणि वळीव कोसळला. गारवा आला, मठ्ठ्याची दुसरी ओतणी बहुतेकांनी घेतलीच नाही. फ्रिजमधलं दही तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी त्याची कढी झाली.