दसऱ्याचा झेंडू किती उचलावा?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एक छायाचित्र हमखास असते: रस्त्याकडेला टाकून दिलेले झेंडूचे ढीग. खाली ओळ असते, 'आवक वाढल्याने भाव कोसळले'. ते खरेच असते, पण त्यावरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जातात. ज्याचा माल उरला त्याचा हिशेब चुकला, हा एक. सकाळी दहालाच ज्याचा गाडा रिकामा झाला त्याने छान धंदा केला, हा दुसरा.

चौकात फुले विकणाऱ्याला आदल्या रात्री मार्केट यार्डात जाऊन एकदाच माल उचलायचा असतो. उद्या किती खपेल हे तेव्हा कळत नाही, आणि कळते तेव्हा पुन्हा जायला वेळ नसतो. गणितात याला वर्तमानपत्र विक्रेत्याचा प्रश्न म्हणतात, कारण सकाळच्या अंकाची संध्याकाळी रद्दी होते. अशाच धर्तीचा प्रश्न फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ साली बँकेसंदर्भात मांडला होता: खातेदार कधी किती पैसे काढतील हे ठाऊक नसताना तिजोरीत रोकड किती ठेवायची?

आता आकडे धरू. झेंडू ५० रुपये किलोने मिळाला. हमाली आणि टेम्पोभाडे किलोमागे ४ रुपये. ओला माल रात्रीत काळा पडतो, त्यातला दहावा हिस्सा निवडून फेकावा लागतो. म्हणजे विकण्याजोगा एक किलो ५४ नव्हे, ६० रुपयांना पडला. (५४ भागिले ०.९. बरेच जण नेमके हेच विसरतात.) विक्री १०० रुपयांनी. दुपारनंतर उरलेला माल १० रुपयांनी जातो. तर एक किलो कमी पडला की ४० रुपयांचा नफा हुकतो, आणि एक किलो उरला की ५० रुपये अंगावर पडतात.

मागणीचा अंदाज एका आकड्यात सांगून भागत नाही. या विक्रेत्याच्या अनुभवाप्रमाणे १०० किलो खपण्याची शक्यता १० टक्के, १२० ची २०, १४० ची ३०, १६० ची २०, १८० ची १५ आणि २०० ची ५ टक्के, असे समजू. सरासरी १४५ किलो येते. पण सरासरीला ४० आणि ५० हे आकडे माहीतच नसतात, म्हणून ती आपल्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

एकूण मालाचा विचार सोडा आणि फक्त पुढच्या पोत्याकडे बघा. विकण्याजोगा माल २० किलोच्या पोत्यांत मोजू. १२० किलो घेऊन झाले आहेत. आणखी एक पोते घ्यावे का? ते खपण्याची शक्यता ७० टक्के, उरण्याची ३० टक्के. किलोमागे ०.७ गुणिले ४० म्हणजे २८ रुपये येण्याची आशा, आणि ०.३ गुणिले ५० म्हणजे १५ रुपये जाण्याची धास्ती. १३ रुपये हातात राहतात, तेव्हा पोते उचलावे. १४० झाले. पुढचे पोते खपण्याची शक्यता आता ४० टक्केच आहे. १६ येणार, ३० जाणार. तेव्हा इथेच थांबावे.

हेच एका सूत्रात बसते. कमी पडण्याचा तोटा भागिले दोन्ही तोट्यांची बेरीज: ४० भागिले ९०, म्हणजे ०.४४. मागणी आपल्या मालात भागून जाण्याची शक्यता ज्या पोत्याला प्रथम ४४ टक्क्यांना पोहोचते किंवा ओलांडते, तिथे थांबायचे. १२० किलोला ती ३० टक्के आहे, १४० ला ६०.

भीतीपोटी २०० किलो उचलले तर? १४० किलोवर सरासरी नफा ४,८८० रुपये येतो, २०० किलोवर ३,०५०. 'सणाच्या दिवशी गाडा भरलेला दिसला पाहिजे' या समजुतीची ही किंमत आहे. दसरा कोणत्या वारी आला याने खप बदलतो, पण ग्रहांमुळे नव्हे. खंडेनवमीला कारखाना चालू आहे की सुट्टी आहे, यामुळे. आणि 'उद्याची मागणी अचूक सांगतो' म्हणणाऱ्या ॲपला एवढेच विचारावे, की तुझा आकडा वर-खाली किती चुकतो? त्याशिवाय वरचा हिशेब मांडताच येत नाही.

सूत्रातले तोटे मात्र प्रामाणिकपणे मोजायला हवेत. झेंडू नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक आपट्याची पाने आणि तोरणही पलीकडच्या गाड्यावर घेते. त्यात किलोमागे आणखी ४० रुपयांचा नफा बुडत असेल, तर कमी पडण्याचा तोटा ८० होतो, गुणोत्तर ०.६२ च्या आसपास जाते, आणि तेच उत्तर १६० किलोवर सरकते. झेंडूचा भाव तोच आणि मागणीचा अंदाजही तोच असून एक पोते वाढले.

माणसे असा हिशेब सहसा करत नाहीत. श्वाइट्झर आणि कॅशॉन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, सगळे आकडे समोर असूनही लोक सरासरीकडे ओढले गेले. भरपूर नफ्याचा माल त्यांनी गरजेपेक्षा कमी मागवला, आणि कमी नफ्याचा जास्त.

यापेक्षा अवघड घोटाळा वहीत होतो. १४० किलो माल अकरा वाजता संपला. वहीत नोंद झाली, 'खप १४०'. पण तो खप नव्हता, ती मालाची मर्यादा होती. पुढच्या वर्षी हाच आकडा मागणी म्हणून वापरला की अंदाज खाली येतो, माल कमी घेतला जातो, तो आणखी लवकर संपतो, आणि नोंद आणखी खाली जाते. माल कधीच उरत नाही, म्हणून चूक लक्षातही येत नाही. उपाय सोपा आहे: माल संपल्याची वेळ लिहायची. ज्या वर्षी माल उरला होता, त्या वर्षी अकरापर्यंत दिवसभराच्या खपाचा दोन तृतीयांश भाग झाला होता, असे वही सांगत असेल, तर यंदाची खरी मागणी १४० नव्हे, २१० च्या जवळ होती. शक्यतांचा तक्ता भरताना हा २१० घ्यायचा.

हे गणित एका गाड्यापुरते ठीक आहे, कारण त्यात उरलेल्या मालाचा भाव ठरलेला धरला आहे. प्रत्यक्षात सकाळी पाऊस आला तर आपलाच नव्हे, सगळ्यांचाच माल उरतो, आणि १० रुपयेही कोणी देत नाही. म्हणून तो भाव नेहमीच्या वर्षाचा नव्हे, वाईट वर्षाचा धरावा. शून्य धरला तर गुणोत्तर ०.४ होते, इथे उत्तर १४० च राहते, पण अंदाज वेगळा असता तर एक पोते कमी झाले असते.

शेतकऱ्याचा निर्णय मात्र दसऱ्याच्या आदल्या रात्री होत नाही. लागवडीनंतर झेंडू फुलायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे किती झेंडू करायचा हे श्रावणाच्या सुमारासच ठरलेले असते. सणाच्या तोंडावर रोपे, खत, पाणी यांचा खर्च होऊन गेलेला असतो. भाव काहीही असला तरी तो परत येत नाही. त्याच्यापुढे उरलेला प्रश्न एवढाच असतो, की मिळणाऱ्या भावातून तोडणीची मजुरी आणि वाहतूक तरी सुटते का. सुटत असेल तर लागवडीत तोटा असूनही फुले बाजारात आणणे बरोबर. सुटत नसेल तर ती शेतातच राहू देणे बरोबर. आणि आणलेला माल न विकता उरला, तर परतीचे भाडे भरून तो घरी नेण्यापेक्षा तिथेच टाकणे स्वस्त पडते.