लगोरीचा तास: चिंध्यांच्या चेंडूपासून सुरुवात

पुण्यातल्या पेठांमधल्या वाड्यांत लगोरीचं सामान विकत आणायची पद्धतच नव्हती, शहाबादी फरशी बसवताना उरलेले किंवा फुटलेले तुकडे घ्यायचे, मोठा खाली लहान वर अशा सात लगोऱ्या रचायच्या आणि जुन्या कपड्यांच्या चिंध्या सुतळीने आवळून चेंडू करायचा. हा चेंडू बसला तरी फार लागत नाही आणि टप्पा जेमतेम पडतो, म्हणून तो अंगणातच राहतो. माझ्या मते खेळाचे अर्धे नियम या चेंडूमुळेच आलेत.

खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यातच डेक्कन जिमखान्याने बांधले, पण लगोरी बराच काळ गल्लीतच राहिली, प्रत्येक वाड्याचे नियम वेगळे. कुठे एका टप्प्यावर झेल घेतला तरी फोडणारा आउट, कुठे फक्त थेट झेल चालायचा. पुढे वाडे पडून सोसायट्या झाल्या, अंगणाच्या जागी पार्किंग आलं, चेंडू टेनिसचा झाला.

आणि शाळेत अडतं ते इथेच. पेव्हर ब्लॉकवर टेनिस बॉल एकदा हुकला की थेट गेटपर्यंत जातो, तो आणेपर्यंत समोरच्यांनी निवांत लगोरी लावलेली असते, मग चुकवणं शिकायची वेळच येत नाही. म्हणून तिसरीच्या वर्गासोबत मी परत चिंध्यांचा चेंडू आणला, जुने मोजे एकात एक कोंबून आणि वरून सुतळी.

२४ मुलं असतील तर सहा-सहाचे चार संघ आणि दोन मैदानं, म्हणजे कोणी नुसतं बघत बसत नाही. लगोऱ्या सातऐवजी पाच, नेम साधारण ३ मीटरवरून, प्रत्येकाला तीन चान्स. तिघातिघांचे चान्स वाया जात असतील तर रेघ एक पाऊल पुढे घ्यायची. मारायचं ते कमरेखालीच. चेंडू हातात असताना पळायचं नाही, पास द्यायचा, नाहीतर एकच जोरात पळणारा मुलगा सगळा खेळ खातो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मारणारा संघ लगोरीला चिकटून उभा राहतो तेव्हा. खडूने साधारण २ मीटरचं रिंगण आखलं आणि मारणाऱ्यांना आत बंदी केली की चित्र बदलतं. पहिल्या डावात रचणाऱ्या संघातले सहाही जण एकदम रिंगणात घुसले आणि दोन पासमध्ये चौघं आउट. दुसऱ्या डावाआधी त्यांना दोन मिनिटं आपसात बोलायला दिली, मग तिघं लांब पळून चेंडू आपल्याकडे ओढत राहिले, दोघांनी तुकडे गोळा केले आणि एकीने फक्त रचलं, सगळ्यात मोठा तुकडा आधी शोधून. शेवटची लगोरी ठेवताना तिचा हात थरथरत होता, पण पडली नाही, आणि सगळे एकदम ओरडले, "लगोरी!"