चाव्या कुरिअरने पाठवताय? ताबा आणि डिपॉझिटबद्दल भाडेकरूंसाठी माहिती

बदलीची ऑर्डर अचानक येते, सामान ट्रकमध्ये चढतं आणि घरमालकाला भेटून चाव्या द्यायला वेळ उरत नाही. अशा वेळी चाव्या कुरिअरने पाठवायला हरकत नाही. मात्र घर सोडलं तो दिवस, पाकीट पाठवलं तो दिवस आणि चाव्या मालकाच्या हातात पडल्या तो दिवस, हे तीन वेगवेगळे असतात. डिपॉझिटवरचे बहुतेक वाद यांची गल्लत झाल्यानेच होतात. चाव्या मिळाल्याचं मालक लेखी कळवतात, तेव्हाच ताबा दिल्याचा भक्कम पुरावा तुमच्याकडे येतो.

त्यामुळे पाकीट कुठे आणि कोणाच्या नावाने पाठवायचं, हे मालकांकडून आधी व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर लिहून घ्या. भाड्याच्या फ्लॅटच्या पत्त्यावर पाठवू नका. तिथे वॉचमन सही करून पाकीट ठेवून घेतो, ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ दिसतं आणि मालकांना मात्र त्याचा पत्ताच नसतो.

निघण्यापूर्वी सगळ्या चाव्या पांढऱ्या कागदावर मांडून फोटो काढा: मुख्य दार, सेफ्टी डोअर, बेडरूम, कपाटं, लेटरबॉक्स, सोसायटीचं ॲक्सेस कार्ड, पार्किंगचा रिमोट. घर रिकामं झाल्यावर प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ घ्या. त्यात विजेचा मीटरही येऊ द्या. मीटरचा डिस्प्ले बदलत राहतो, तेव्हा kWh असं दिसेपर्यंत थांबून तोच आकडा टिपा. शेवटचं बिल त्याच आकड्यावरून तपासता येतं.

चाव्या साध्या लिफाफ्यात टाकल्या की वाटेत दाते कागद फाडतात आणि पाकीट रिकामं पोहोचतं. म्हणून प्रत्येक चावी पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने घट्ट बसवा, वर दुसरा पुठ्ठा ठेवून बांधा आणि मग जाड पाकिटात घाला. पावतीवर वजन लिहिलंय ना, ते काउंटरवरच पाहा. पावतीवर १८० ग्रॅम असेल आणि मालकांना फाटकं, हलकं पाकीट मिळालं, तर वाटेत काय झालं ते लगेच कळतं. फ्लॅटचा नंबर किंवा पत्ता चाव्यांवर किंवा आतल्या चिठ्ठीत कुठेही लिहू नका. पाकीट हरवलं, तर सापडणाऱ्याच्या हाती चावी आणि घर दोन्ही लागतील. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून तुमचा नवा पत्ता द्या.

पाकीट पाठवलं त्याच दिवशी मालकांना असा ईमेल करा:

‘नमस्कार. करारात नमूद असलेली सदनिका मी २४ जून रोजी रिकामी केली. आपण कळवलेल्या पत्त्यावर आज ७ चाव्या, १ ॲक्सेस कार्ड आणि १ रिमोट पाठवले आहेत. पावती, फोटो, व्हिडिओ आणि मीटर रीडिंग सोबत जोडले आहे. पाकीट मिळाल्यावर चाव्या मोजून ताबा मिळाल्याची तारीख कृपया लेखी कळवावी. डिपॉझिटमधून काही वजावट असल्यास बिलांसह हिशेब द्यावा आणि उरलेली रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल ते कळवावे. खात्याचा तपशील खाली देत आहे.’

‘डिपॉझिट लवकर द्या’ असं लिहिलं की उत्तरही ‘बघतो’ असंच मोघम येतं. तारीख विचारा. करारात परतीची मुदत दिली असेल तर ते कलम ईमेलमध्ये उद्धृत करा. ताबा देताच परतफेड असंही अनेक करारांत लिहिलेलं असतं. करारात काहीच नसेल, तर घर पाहायला आणि वीजबिल काढायला आठ-दहा दिवस देणं आम्हाला रास्त वाटतं. दोघांच्या नावावर करार असेल, तर पैसे कोणाच्या खात्यात जावेत याची दोघांची लेखी संमती आधीच पाठवा. अशा वेळी रक्कम हमखास इथेच अडकते.

एक हिशेब पाहा. भाडं २०,००० रुपये, डिपॉझिट ६०,०००. नोटीस ३० जूनला संपते आणि जूनचं भाडं भरलेलं आहे. पाकीट २८ जूनला निघालं, चाव्या ३ जुलैला मिळाल्या. मालकांनी त्या तीन दिवसांचं भाडं मागितलं, तर ते १,९३५ रुपये होतं. शेवटचं वीजबिल १,१४० रुपये. वजावट ३,०७५, परत मिळणार ५६,९२५. हेच पाकीट २४ तारखेला निघून ३० च्या आत पोहोचलं असतं, तर १,९३५ रुपये वाचले असते. मात्र चाव्या लवकर पोहोचल्या म्हणून नोटिशीचा काळ कमी होत नाही. लॉक-इनचा काळ उरला असेल, तर त्याचा हिशेब करारातल्या कलमाप्रमाणे वेगळा होतो.

कराराची मुदतच संपली असेल, तर उशीर आणखी महागात पडू शकतो. मुदतीनंतर ताबा न दिल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. अशा वेळी कुरिअरवर विसंबू नका. गावातल्या विश्वासू माणसाला लेखी अधिकारपत्र द्या, त्याच्या हातून चाव्या मालकांकडे पोहोचवा आणि ताबापावतीवर त्याच दिवशी सही घ्या.