आडवी बेरीज, उभी बेरीज: मॅट्रिक्सच्या उत्तराचा ताळा

तीन बाय तीनच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार म्हणजे सत्तावीस छोटे गुणाकार आणि अठरा बेरजा. त्यात कुठेतरी एक उणे चिन्ह निसटतंच. मग आपण काय करतो? तोच गुणाकार पुन्हा करतो आणि त्याच जागी तीच चूक पुन्हा करतो, कारण हाताला तीच वाट ठाऊक असते. ताळा पाहायचा तर वेगळ्या वाटेने जायला हवं.

हे उदाहरण घ्या. डावीकडची A, उजवीकडची B.

```
 २   १   ३         १   २   ०
 ०   ४  −१         ३  −१   ४
 ५   २   १         २   ५   १
```

कुणीतरी AB चं उत्तर असं काढलं आहे:

```
११  १८   ७
१४  −९  १५
१३  १३   ९
```

आधी सगळ्यात स्वस्त तपासणी, म्हणजे आकार. २×३ ला ३×४ ने गुणलं तर उत्तर २×४ च यायला हवं. मधले दोन आकडे जुळले नाहीत तर गुणाकारच होत नाही. पण इथे सगळंच ३×३, त्यामुळे आकाराचा काही उपयोग नाही.

आता किराणा दुकानाच्या जुन्या वहीत करतात तशी आडवी बेरीज करू. B च्या प्रत्येक ओळीची बेरीज: ३, ६, ८. हे तीन आकडे एका स्तंभात ठेवून त्याला A ने गुणायचं. पहिली ओळ ६ + ६ + २४ = ३६, दुसरी ० + २४ − ८ = १६, तिसरी १५ + १२ + ८ = ३५. उत्तराच्या ओळींची बेरीज हीच यायला हवी, कारण आधी गुणून मग बेरीज केली काय किंवा आधी बेरीज करून मग गुणलं काय, एकच. आता उत्तर पाहा: ३६, २०, ३५. दुसऱ्या ओळीत ४ जास्त आहेत.

चूक दुसऱ्या ओळीत, पण कोणत्या घरात? त्यासाठी उभी बेरीज. A च्या स्तंभांच्या बेरजा ७, ७, ३. ही ओळ B ने गुणली की ३४, २२, ३१ मिळतात. उत्तराचे स्तंभ देतात ३८, २२, ३१. पहिल्या स्तंभातही बरोबर ४ च जास्त. दुसरी ओळ आणि पहिला स्तंभ जिथे छेदतात तिथे १४ लिहिले आहेत, तिथे १० हवेत. आता कारणही दिसतं: ०×१ + ४×३ + (−१)×२ मध्ये शेवटच्या −२ चे +२ झाले. चिन्ह चुकलं की फरक दुप्पट पडतो, म्हणून ४. फरकाचा आकडाच बऱ्याचदा चूक कशी झाली ते सांगून टाकतो. सगळे मिळून अठरा गुणाकार झाले, आणि चूक सापडली तीही पत्त्यासकट.

हे काम ट्रेसने झालं नसतं. ट्रेस म्हणजे मुख्य कर्णावरच्या आकड्यांची बेरीज, आणि गंमत अशी की AB आणि BA वेगळे असले तरी त्यांचा ट्रेस एकच असतो. BA च्या कर्णावर २, ७, २ येतात, AB च्या कर्णावर ११, −९, ९. दोन्हींची बेरीज ११. नऊच गुणाकार, फक्त गठ्ठे वेगळे बांधलेले. पण आपली चूक कर्णाबाहेर होती, तिथे ट्रेसची नजर पोहोचतच नाही. आणखी एक पंचाईत आहे: घाईत AB ऐवजी BA काढून ठेवलं, तर ट्रेस खुशाल जुळतो. निश्चयकसुद्धा जुळतो, कारण AB आणि BA दोन्हींचा निश्चयक A आणि B च्या निश्चयकांच्या गुणाकाराएवढाच असतो. ही अदलाबदल आडवी बेरीज पकडते. BA च्या ओळींच्या बेरजा १२, ४७, ३५ येतात. हव्या होत्या ३६, १६, ३५. तिसरा आकडा निव्वळ योगायोगाने जुळला आहे, म्हणून एकच ओळ तपासून थांबू नये.

आडव्या बेरजेलाही एक आंधळा कोपरा आहे. पहिल्या ओळीतले १८ आणि ७ एकमेकांच्या जागी लिहिले गेले तर ओळीची बेरीज बदलत नाही. ती चूक उभ्या बेरजेला दिसते. दोन्ही बेरजांना चकवायचं तर किमान चार घरांत चुका व्हाव्या लागतात, त्याही एकमेकींना नेमक्या खोडणाऱ्या. हाताने केलेल्या गणितात मी हे कधी झालेलं पाहिलं नाही.

संगणकावर मात्र हजार बाय हजारचे मॅट्रिक्स असतात. नेहमीच्या पद्धतीने त्यांचा गुणाकार म्हणजे शंभर कोटी छोटे गुणाकार. लाटव्हियाचे गणिती रुसिन्श फ्रेवाल्ड्स यांनी १९७७ साली दाखवलं की सरसकट बेरीज करण्याऐवजी नाणं उडवून काही स्तंभ घ्यायचे, काही सोडायचे, आणि हाच ताळा करायचा. उत्तर चुकीचं असेल तर एका खेपेत ते निसटण्याची शक्यता फार तर निम्मी. वीस वेळा वेगवेगळी नाणी उडवली तर ती दहा लाखांत एकाहूनही कमी होते, आणि एका खेपेला फार तर तीस लाख गुणाकार पुरतात. दशांश अपूर्णांक असतील तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळत नाहीत. आकडे गोल करताना पडणारा किंचित फरक सोडून द्यावा लागतो.

आता निश्चयक. दहावीत क्रेमरच्या पद्धतीत भेटतो तोच, फक्त ३×३ चा. इथली नेहमीची चूक ओळींच्या क्रियांमध्ये होते. A मधला खालचा ५ घालवायला अपूर्णांक नकोत म्हणून कुणी R3 → 2R3 − 5R1 करतो. तिसरी ओळ ०, −१, −१३ होते, आणि मग निश्चयक २ × (−५२ − १) = −१०६. मांडणी स्वच्छ, उत्तर चुकीचं. एका ओळीत दुसऱ्या ओळीची पट मिळवली तर निश्चयक बदलत नाही, हा नियम खरा आहे. पण इथे R3 स्वतःच दुप्पट केली, त्याबरोबर निश्चयकही दुप्पट झाला. खरं उत्तर −५३.

हे पकडायला पुन्हा विस्तार करायची गरज नाही. A मधल्या सम आकड्यांच्या जागी ०, विषमांच्या जागी १ लिहा:

```
०  १  १
०  ०  १
१  ०  १
```

पहिल्या स्तंभात एकच १ उरला, त्याच्यामागे १×१ − १×० = १. म्हणजे निश्चयक विषम असायलाच हवा. −१०६ सम आहे, तेव्हा तो बाद. गुणाकाराला लहानपणी लावायचो त्या नऊच्या ताळ्याचाच हा भाऊ, फक्त भाजक २.

ओळींची अदलाबदल केली आणि चिन्ह बदलायचं विसरलं, तर मात्र सम-विषम कामाचं नाही, कारण ५३ आणि −५३ दोन्ही विषम. तिथे ३ ने भागून बाकी पाहायची. A मधल्या आकड्यांच्या जागी बाकी लिहून निश्चयक काढला की −२ येतो, म्हणजे बाकी १. −५३ = −५४ + १, बाकी १, जुळलं. ५३ ची बाकी २, जुळत नाही. निश्चयकालाच ३ ने भाग जात असेल तर चिन्ह इथेही लपतं. मग ५ किंवा ७ घेऊन पाहावं.